शेजारी चढणाऱ्या बेकायदा मजल्याची तक्रार: तारखेचे फोटो कसे काढायचे, अर्ज कसा करायचा आणि पाठपुरावा कुठवर न्यायचा

अनधिकृत मजल्याच्या तक्रारीत सगळा वाद शेवटी एकाच प्रश्नावर येतो, तो म्हणजे हा मजला कधी बांधला. पाहणीला आलेल्या कनिष्ठ अभियंत्याला शेजारी सहसा सांगतो, "साहेब, हे जुनंच आहे, आम्ही फक्त दुरुस्ती करतोय." नोटीस आली की तो म्हणतो, नोटिशीच्या आधीच काम संपलं होतं. न्यायालयात गेला की तिथेही बांधकाम जुनं असल्याचं सांगतो. तिन्ही ठिकाणी त्याला उत्तर देणारा कागद जवळजवळ नेहमी तक्रारदाराकडेच असतो, कारण महापालिकेचा माणूस तिथे रोज उभा नसतो आणि तुमच्या गच्चीतून ते काम रोज दिसतं. म्हणून या लेखात फोटोंना जास्त जागा दिली आहे. बाकीची प्रक्रिया त्या फोटोंच्या आधारानेच पुढे सरकते.

लेखभर एकच उदाहरण घेऊ. महापालिका हद्दीत शेजारी-शेजारी दोन भूखंड आहेत. शेजारच्या इमारतीला तळमजला अधिक दोन मजल्यांची परवानगी आहे. सप्टेंबर 2025 च्या शेवटी तिच्या गच्चीवर कॉलमच्या सळया बांधायला सुरुवात झाली.

आधी खात्री: मजला खरंच बेकायदा आहे का

तक्रारीची घाई करण्याआधी एक शक्यता तपासायलाच हवी. शेजाऱ्याने सुधारित नकाशा मंजूर करून घेतलेला असू शकतो. मुंबई आणि काही मोजकी क्षेत्रं सोडली, तर राज्यभर 2020 पासून एकत्रिकृत विकास नियंत्रण आणि प्रोत्साहन नियमावली लागू आहे. तिच्यात अधिमूल्य भरून किंवा टीडीआर, म्हणजे हस्तांतरणीय विकास हक्क, घेऊन जादा चटई क्षेत्र मिळवण्याची सोय आहे. रस्ता पुरेसा रुंद असेल आणि बाजूची मोकळी जागा नियमात बसत असेल, तर तिसरा मजला पूर्णपणे कायदेशीर असू शकतो.

त्यासाठी पहिल्याच दिवशी माहिती अधिकाराचा अर्ज द्या. महाराष्ट्रात हा अर्ज एकाच विषयाचा आणि 150 शब्दांच्या आत असावा लागतो. फी 10 रुपये आहे आणि ती कोर्ट फी स्टॅम्प लावून भरता येते. शेजाऱ्याच्या घराचा आतला नकाशा मागू नका, तो त्रयस्थाची माहिती म्हणून नाकारला जाण्याची शक्यता असते आणि तुम्हाला त्याची गरजही नाही. मागायचं ते एवढंच: या भूखंडावर दिलेली सर्व बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्रं, सुधारित परवानगी असल्यास तिची प्रत, मंजूर मजल्यांची संख्या आणि उंची, भोगवटा प्रमाणपत्र, आणि मालमत्ता कर विभागातला करआकारणीचा उतारा. हा शेवटचा कागद लोक मागायला विसरतात. कराच्या नोंदीत आजवर दोनच मजले असतील, तर "तिसरा जुनाच आहे" या दाव्याला खुद्द महापालिकेच्या दप्तरातून उत्तर मिळतं. मात्र उलट बाजूही माहीत असू द्या. तिसऱ्या मजल्याला कर लागला म्हणून तो अधिकृत होत नाही, कारण अनधिकृत बांधकामावरही कर आकारला जातो.

माहिती यायला 30 दिवस लागू शकतात आणि तेवढ्यात स्लॅब भरून होईल. म्हणून उत्तराची वाट पाहत तक्रार रोखून धरू नका. तक्रारीत "परवानगी नाही" असं ठामपणे लिहिण्याऐवजी "परवानगी असल्याचं दिसत नाही, कामाच्या जागी परवानगीचा फलक नाही, कृपया खात्री करावी" असं लिहा. हे खरंही आहे आणि उद्या बदनामीचा आरोप झालाच, तर तुमच्या बाजूचंही आहे.

याच टप्प्यावर आपल्या घराकडेही एक नजर टाका. बंद केलेली बाल्कनी, बाजूच्या मोकळ्या जागेतली शेड, गच्चीवरची खोली यांपैकी काही असेल, तर तुमच्या तक्रारीनंतर आठवड्याभरात तुमच्याविरुद्धही अर्ज पडेल. तक्रार करूच नका, असं मी म्हणत नाही. आधी आपलं सरळ करून घ्या.

फोटो: "याच्या आधी नाही" आणि "याच्या नंतर नाही"

फोटोवरची तारीख दोन बाजूंनी सिद्ध करावी लागते. फोटो अमुक तारखेच्या आधी काढलेला नाही, हे एक. तो अमुक तारखेच्या नंतर काढलेला नाही, हे दुसरं. या दोन्ही गोष्टींसाठी वेगवेगळी साधनं लागतात आणि बहुतेक तक्रारींत यातलं एकच असतं.

त्या दिवशीचं वर्तमानपत्र चौकटीत धरून काढलेला फोटो त्या दिवसाआधीचा असूच शकत नाही, पण तो आठवड्याने काढलेलाही असू शकतो. तोच फोटो त्याच संध्याकाळी महापालिकेच्या अधिकृत ईमेलवर पाठवला, तर तो त्यानंतरचा असू शकत नाही. म्हणून दोन्ही करा. रिकाम्या गच्चीच्या फोटोला वर्तमानपत्र हवं, कारण तिथे तुम्हाला "या दिवशी मजला नव्हता" हे दाखवायचं असतं. काम चालू असल्याच्या फोटोला ईमेल हवा, कारण तिथे "या दिवशी आम्ही कळवलं होतं" हे दाखवायचं असतं.

रिकाम्या गच्चीचा फोटो सगळ्यांत मोलाचा असतो आणि काम सुरू झाल्यावर तो मिळत नाही. अशा वेळी घरातले जुने फोटो चाळा. संक्रांतीला गच्चीवर पतंग उडवतानाचे, मुलाच्या वाढदिवसाचे, लग्नाच्या मांडवाचे फोटो, ज्यांच्या पाठीमागे शेजारची मोकळी गच्ची दिसते. गूगल अर्थवरची जुनी उपग्रहचित्रंही जोडता येतात. त्यात वरून छप्पर दिसतं, मजले मोजता येत नाहीत, त्यामुळे त्यांना मुख्य पुरावा करू नका.

आता प्रत्यक्ष फोटो काढण्याबद्दल. आपल्याच गच्चीत किंवा सार्वजनिक रस्त्यावर अशी एक जागा ठरवा आणि खडूने खूण करा, जिथून शेजारच्या इमारतीचे सगळे मजले एका चौकटीत मावतील. प्रत्येक फोटो तिथूनच काढा. चौकटीत एक न हलणारी वस्तू असू द्या, उदाहरणार्थ विजेचा खांब किंवा आपल्या पाण्याच्या टाकीची कड. पाहणाऱ्याला दोन फोटो शेजारी ठेवून काय वाढलं ते लगेच कळलं पाहिजे. शेजाऱ्याच्या आवारात पाऊल टाकू नका, त्याच्या खिडक्यांच्या आतला भाग टिपू नका.

रोज पन्नास फोटो काढण्यात अर्थ नाही, टप्पे टिपा. मजला चढताना क्रम ठरलेला असतो: गच्चीवर सळया उभ्या राहतात, कॉलम भरले जातात, सेंट्रिंगच्या फळ्या आणि टेकू लागतात, फळ्यांवर सळयांची जाळी पसरते, स्लॅब भरला जातो, मग विटांच्या भिंती, मग प्लास्टर. आतली डागडुजी, रंग, फरशी अशा कामांना परवानगी लागत नाही आणि बचाव नेमका तोच असतो. सेंट्रिंग आणि सळयांची जाळी यांचा फोटो त्या बचावाला जागाच ठेवत नाही, कारण दुरुस्तीसाठी कोणी नवा स्लॅब बांधत नाही. स्लॅब भरल्यावर टेकू साधारण एक ते दोन आठवडे राहतात. तेही टिपा, त्यावरून स्लॅब ताजा असल्याचं दिसतं.

फोनचं घड्याळ आपोआप जुळणाऱ्या वेळेवर ठेवा. तारीख आणि ठिकाण फोटोवरच छापणारं ॲप वापरायला हरकत नाही. फाइल चाळणाऱ्या कारकुनाला त्याचा उपयोग होतो. पण छापलेली तारीख बदलता येते, म्हणून प्रत्येक टप्प्याचा एक साधा, काहीही न छापलेला मूळ फोटोही काढा. तारीख-वेळेची खरी नोंद त्या मूळ फाइलच्या आत असते. व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवलेल्या फोटोतून ती नोंद निघून जाते. त्यामुळे मूळ फाइल फोनमधून थेट पेनड्राइव्हवर घ्या, तिचं नाव बदलू नका, कापू नका, उजेड वाढवू नका.

प्रकरण न्यायालयात जाईल असं वाटत असेल, तर आणखी एक गोष्ट आत्ताच करून ठेवा. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे डिजिटल पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं. त्याचा पहिला भाग पुरावा देणाऱ्याने आणि दुसरा तज्ज्ञाने भरायचा असतो. त्यात फाइलचं हॅश मूल्य लिहावं लागतं. फाइलमध्ये किंचितही बदल झाला, तर हे मूल्य बदलतं. विंडोज संगणकावर ते असं काढता येतं:

```
certutil -hashfile IMG_20250928_081512.jpg SHA256
```

आलेली अक्षरं-अंकांची ओळ त्याच दिवशी वहीत तारखेसह लिहा आणि स्वतःला ईमेल करा. महापालिकेच्या तक्रारीला या प्रमाणपत्राची गरज नसते, तिथे छापील फोटो पुरतात.

तक्रार कुणाकडे आणि कधी

तक्रार नियोजन प्राधिकरणाकडे करायची असते, आणि ते प्राधिकरण जागेप्रमाणे बदलतं. शहरात महापालिका किंवा नगरपरिषद असते. पुण्याभोवतीच्या अनेक गावांत बांधकामाची परवानगी पीएमआरडीए, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, देते, ग्रामपंचायत नाही, त्यामुळे तिथे सरपंचाला दिलेला अर्ज वाया जातो. मोठ्या महापालिकांत या कामासाठी पदनिर्देशित अधिकारी नेमलेला असतो. अर्ज आयुक्तांच्या नावे करा, प्रती प्रभाग कार्यालयाच्या सहायक आयुक्तांना आणि पदनिर्देशित अधिकाऱ्याला द्या.

महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 मधली तीन कलमं तुम्हाला पुरतात. कलम 54 चालू काम थांबवण्याचं, कलम 53 झालेलं बांधकाम पाडायला लावण्याचं आणि कलम 52 गुन्ह्याचं. या गुन्ह्याला एक महिना ते तीन वर्षं कैदेची तरतूद आहे. महापालिका अधिनियमात, 1949 च्या कायद्याप्रमाणे, कलम 260 आणि 267 अशाच कामासाठी आहेत. मुंबईत 1888 च्या कायद्याची कलमं 351 आणि 354अ वापरली जातात.

यांतलं कलम 54 तुमच्यासाठी सगळ्यांत महत्त्वाचं आहे. स्लॅब भरण्याआधी काम थांबलं तर काढायला फक्त सळया आणि फळ्या असतात. स्लॅब भरून कुटुंब राहायला आलं की तेच प्रकरण वर्षानुवर्षं चालतं. आणि काम करणाऱ्यालाही हे पक्कं माहीत असतं. म्हणून स्लॅब शनिवारी रात्री, रविवारी किंवा लागून सुट्ट्या आल्या की भरला जातो. आपल्या उदाहरणात दिवाळी 2025 चं लक्ष्मीपूजन 21 ऑक्टोबरला होतं. 5 ऑक्टोबरला सेंट्रिंग लागलेलं दिसलं, तेव्हाच हे काम दिवाळीच्या सुट्टीत भरलं जाणार, असा अंदाज बांधायला हवा होता. तक्रार 8 तारखेला गेली आणि तिच्यात हा अंदाज स्पष्ट लिहिला गेला. मजकूर साधारण असा:

> विषय: [भूखंड/घर क्रमांक, पेठ/सर्व्हे क्रमांक] येथे चालू असलेल्या विनापरवाना तिसऱ्या मजल्याचं काम तातडीने थांबवण्याबाबत.
>
> महोदय, मी वरील मिळकतीलगतच्या [घर क्रमांक] येथे राहतो. सदर इमारत तळमजला अधिक दोन मजल्यांची आहे. 28 सप्टेंबर 2025 रोजी गच्चीवर कॉलमच्या सळया उभारलेल्या दिसल्या. 5 ऑक्टोबर रोजी कॉलम भरून सेंट्रिंग लावण्यात आलं आहे. जागेवर परवानगीचा फलक नाही. या मजल्याला मंजुरी असल्याचं दिसून येत नाही.
>
> काम स्लॅबच्या टप्प्यावर असून दिवाळीच्या सुट्टीत स्लॅब भरला जाण्याची शक्यता आहे. तरी तत्पूर्वी स्थळपाहणी करून, पंचनामा करून, महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 चे कलम 54 प्रमाणे काम थांबवावं आणि कलम 53 प्रमाणे पुढील कारवाई करावी. नियमितीकरणाचा अर्ज आल्यास मला म्हणणं मांडण्याची संधी द्यावी.
>
> सोबत: तारीखनिहाय फोटो (1 ते 4), फोटो काढण्याच्या जागेचा कच्चा नकाशा.

प्रत्येक फोटो ए-चार कागदावर छापा आणि खाली तारीख, वेळ, कुठून काढला आणि त्यात काय दिसतं, एवढं एका ओळीत लिहा. शेजाऱ्याच्या स्वभावाबद्दल, जुन्या भांडणाबद्दल, पार्किंगबद्दल एक अक्षरही नको. असा मजकूर दिसला की अधिकारी प्रकरणाला "आपसातला वाद" असा शेरा मारून मोकळा होतो. उजेड आणि वारा अडत असेल, तर तो वेगळा, दिवाणी हक्काचा विषय आहे. त्यासाठी वीस वर्षांची वहिवाट दाखवावी लागते. या अर्जात तो मिसळू नका.

अर्ज आवक विभागात स्वतः द्या, आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. शिवाय ईमेल करा आणि स्पीड पोस्टाने पोचसहित पाठवा. निनावी अर्ज बहुधा फाइल होऊन पडतो, म्हणून नाव द्यावंच लागतं, आणि ते शेजाऱ्याला कळणार हे धरून चला. भीती वाटत असेल तर मागच्या-पुढच्या दोन-तीन घरांच्या सह्या घ्या, म्हणजे रोख एकट्यावर राहत नाही. धमकी आलीच, तर तारीख-वेळ लिहून पोलिस ठाण्यात लेखी अर्ज द्या.

पाहणीनंतर काय बिघडतं

पाहणीला येणाऱ्या अभियंत्याला भेटा, फोटोंचा संच हातात द्या आणि पंचनाम्यात मजल्याची लांबी-रुंदी आणि कामाचा टप्पा लिहायला विनंती करा. "वाढीव बांधकाम आढळले" एवढाच शेरा पुढे निरुपयोगी ठरतो, कारण काय वाढीव आणि किती, हे त्यातून कळत नाही.

कलम 54 ची नोटीस लागल्यावरही काम चालू राहिलं, तर तोच टप्पा सर्वांत काळजीपूर्वक टिपायचा. नोटीस भिंतीवर चिकटवलेली दिसत असेल, तर तिचा फोटो काढा, दुसऱ्या दिवशी ठरलेल्या जागेवरून वर्तमानपत्रासह फोटो काढा आणि लगेच ईमेल करा. स्लॅब नोटिशीआधी नव्हता आणि नंतर झाला, हे सिद्ध झालं की कलम 52 खाली गुन्हा नोंदवण्याची मागणी भक्कम होते.

पाडण्याची कारवाई मात्र झटपट होणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने 13 नोव्हेंबर 2024 च्या निकालात देशभरासाठी पद्धत घालून दिली. आधी कारणे दाखवा नोटीस, तीही पोचसहित टपालाने आणि बांधकामावर चिकटवून, उत्तराला किमान 15 दिवस, मग सुनावणी, कारणांसह आदेश, त्यानंतरही स्वतःहून काढून घ्यायला 15 दिवस, आणि पाडताना व्हिडिओ. सार्वजनिक रस्ता, पदपथ, नदीपात्र अशा जागांना यातून वगळलं आहे, खासगी भूखंडावरच्या मजल्याला नाही. तुम्हाला हे संथ वाटेल, पण यातली एखादी पायरी गाळून पाडापाडी झाली तर शेजारी न्यायालयात जिंकतो आणि तुमचे महिने वाया जातात. म्हणून अधिकाऱ्याला घाई करायला लावू नका. त्याने प्रत्येक पायरी नोंदवली आहे ना, तेवढं पाहा.

खरी अडचण दोन ठिकाणी येते. पहिली नियमितीकरणाच्या अर्जाची. कलम 53 ची नोटीस मिळाल्यावर मालक बांधकाम कायम ठेवण्यासाठी परवानगी मागू शकतो आणि त्या अर्जाचा निकाल लागेपर्यंत नोटीस थांबते. शिल्लक चटई क्षेत्र असेल आणि बाजूच्या मोकळ्या जागा नियमात असतील, तर हा अर्ज मंजूर होऊ शकतो, हे आधीच मनाशी धरा. ते नसेल, तर लेखी हरकत द्या: बाजूची मोकळी जागा मोजमापासह, इमारतीची उंची, रस्त्याची रुंदी. जुन्या अनधिकृत बांधकामांसाठीच्या कलम 52अ च्या प्रशमन योजनेचा, म्हणजे शुल्क भरून बांधकाम नियमित करण्याच्या योजनेचा, आधार घेतला गेला, तर ती 31 डिसेंबर 2015 पर्यंतच्या बांधकामांपुरतीच होती. गुंठेवारीचा आधार घेतला, तर तिची मुदत 31 डिसेंबर 2020 आहे. 2025 च्या रिकाम्या गच्चीचा एक फोटो या दोन्ही वाटा बंद करतो.

दुसरी अडचण दिवाणी न्यायालयाच्या "जैसे थे" आदेशाची. शेजारी महापालिकेविरुद्ध दावा लावतो आणि पहिल्याच तारखेला एकतर्फी मनाई मिळवतो. नोटीस निघाल्याबरोबर महापालिकेच्या विधी विभागाला लेखी विनंती करा की दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 148अ खाली कॅव्हेट दाखल करावं. ते 90 दिवस टिकतं आणि तोवर महापालिकेला न ऐकता आदेश होत नाही. दावा लागलाच, तर वकिलामार्फत त्यात पक्षकार होण्याचा अर्ज द्या. महापालिकेचे फोटो अपुरे असतात, तुमचे तिथे कामी येतात.

मधल्या काळात वीज वितरण कंपनीलाही एक पत्र द्या. सर्वोच्च न्यायालयाने 17 डिसेंबर 2024 च्या निकालात बांधकाम पूर्णत्वाचं किंवा भोगवटा प्रमाणपत्र पाहिल्याशिवाय वीज, पाणी, मलनिःसारण जोडणी देऊ नये, असे निर्देश दिले आहेत. जोडणी मिळाली नाही तर मजला भाड्याने जात नाही, आणि बहुतेक जादा मजले भाड्यासाठीच चढतात.

कुणी हललंच नाही तर

पंधरा दिवसांत पाहणी झाली नाही, तर नवा अर्ज नको, पहिल्याच आवक क्रमांकाचा हवाला देऊन स्मरणपत्र द्या आणि त्यानंतरचे फोटो जोडा. सोबत माहिती अधिकारात त्या आवक क्रमांकाच्या अर्जावर कुणी, कोणत्या तारखेला, काय कार्यवाही केली, याची टिपणी आणि पाहणी अहवाल मागा. 30 दिवसांत उत्तर नाही, तर पुढच्या 30 दिवसांत प्रथम अपील. अनेक ठिकाणी फाइल या अर्जामुळेच टेबलावर येते. कारण पाहणी झालीच नाही, असं कुणाला तरी लेखी द्यावं लागतं. महिन्याच्या पहिल्या सोमवारच्या लोकशाही दिनात विषय नेता येतो. त्यासाठी अर्ज आधी द्यावा लागतो आणि आचारसंहिता असेल तर तो भरत नाही. याने भागलं नाही, तर उच्च न्यायालयात रिट याचिका हा मार्ग आहे. तिथे पहिला प्रश्न "तुम्ही प्राधिकरणाला कधी कळवलं" हाच असतो.

कारवाई झाल्याचं कळलं की लगेच आनंद मानू नका. स्लॅबला ब्रेकरने चार-पाच भोकं पाडून, एक भिंत पाडून "कारवाई पूर्ण" असा शेरा मारण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे. ती भोकं काही दिवसांत बुजवली जातात. त्यामुळे ठरलेल्या जागेवरून कारवाईच्या दिवशी, आठवड्याने आणि महिन्याने फोटो काढा. कारवाईचा अहवाल माहिती अधिकारात मागा आणि त्यातलं क्षेत्रफळ पंचनाम्यातल्या क्षेत्रफळाशी ताडून पाहा. पंचनाम्यात समजा 80 चौरस मीटर अनधिकृत असेल आणि अहवालात 12 चौरस मीटर काढल्याचं असेल, तर उरलेल्या 68 चौरस मीटरसाठी त्याच आवक क्रमांकावर, त्याच फोटोंसह, पुढचा अर्ज द्यायचा.